फोटोतला तंबू ओळखताना

कॅम्पिंगच्या तंबूला नाव मिळते ते त्याच्या सांगाड्यावरून. पोल एकामागे एक कमानींसारखे उभे असले की तो टनेल. दोन पोल डोक्यावर एकमेकांना छेदत असले की डोम. छेद वाढत गेले की जिओडेसिक. सगळे कापड मधल्या एकाच काठीवरून खाली उतरत असेल तर पिरॅमिड किंवा टिपी. तंबू समोर उभा असला तर त्याच्याभोवती एक फेरी मारून हे कुणालाही सांगता येते. फोटोत मात्र तंबूची एकच बाजू दिसते, आणि सांगाडा बहुधा वरच्या आवरणाखाली, म्हणजे फ्लायखाली दडलेला असतो. तेव्हा दिसणाऱ्या कापडावरून न दिसणाऱ्या पोलांचा माग काढावा लागतो आणि तो बरोबर निघाला की नाही हे जमिनीवरच्या खुंट्यांवरून पडताळावे लागते.

रंग आणि बाह्याकार यांवर सुरुवातीला अजिबात भरवसा ठेवू नये. टनेल तंबूचा फोटो तोंडाच्या बाजूने काढला तर पुढची कमान तेवढी दिसते आणि तंबू घुमटासारखा गोल वाटतो. उलट डोमच्या पुढे लांब ओसरी ताणलेली असली आणि फोटो बाजूने काढलेला असला तर तोच तंबू बोगद्यासारखा लांबट दिसतो. मोबाइलच्या रुंद कोनाच्या लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो, त्यामुळे लांबी-रुंदीचा अंदाज आणखी चुकतो. पोल कुठे छेदतात आणि कुठे टेकतात, हे मात्र कॅमेरा कुठेही उभा केला तरी बदलत नाही.

फ्लायखालचा पोल कापडावर आपली खूण सोडतो. कापड पोलावरून ताणले गेले की तिथे एक उठावदार कणा तयार होतो. त्याच्या एका अंगाला उजेड असतो आणि दुसऱ्या अंगाला सावली. फ्लायवर शिवणीही असतात आणि नवख्या नजरेला शिवण हाच पोल वाटतो. दोन्हींतला फरक उजेडात कळतो. शिवण कापडातच सपाट बसलेली असते, तिच्या दोन्ही बाजूंना सारखाच उजेड असतो आणि कापड सैल पडले की तीही त्याच्याबरोबर झोळ खाते. पोलाची रेघ झोळ खात नाही. वाऱ्याने फ्लाय आत दबली, तरी दोन बाजूंचे कापड खोल जाते आणि पोलाचा कणा वर उठून दिसतो. म्हणून ओळख पटवायला छान ताणून लावलेल्या तंबूपेक्षा थोड्या ढिल्या तंबूचा फोटो कधी कधी जास्त कामाचा ठरतो.

हे कणे शोधले की ते किती आहेत, यापेक्षा ते कुठे भेटतात हे आधी पाहावे. एकही भेट नसेल, कमानी एकामागे एक उभ्या असतील आणि त्यांच्यामध्ये कापड पन्हाळीसारखे ताणलेले असेल, तर तो टनेल. नेमकी एक भेट आणि तीही तंबूच्या माथ्यावर असेल, तर दोन पोलांचा साधा डोम. यात प्रत्येक पोल एका कोपऱ्यातून निघून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात उतरतो, त्यामुळे वरून पाहिले तर फुलीचा आकार दिसतो. पवना धरणाच्या काठावर किंवा भंडारदऱ्याला भाड्याने मिळणाऱ्या तंबूंत या साध्या डोमची गर्दी असते. त्यांत अनेकदा एक गंमत दिसते: फ्लाय जमिनीपर्यंत येतच नाही. माथ्यावरची जाळी झाकेल एवढा टोपीसारखा तुकडा चार पोलटोकांकडे ताणून बांधलेला असतो आणि खाली आतल्या तंबूच्या भिंती उघड्या राहतात. अशा फोटोत फार तर्क लढवावा लागत नाही, कारण पोल तिथे टोपीखालून बाहेर येऊन डोळ्यांसमोरच कोपऱ्यात उतरतात. पोल काळा किंवा करडा असेल आणि ठरावीक अंतरावर त्याला चकचकीत धातूची नळी असेल, तर तो फायबरग्लासचा. ॲल्युमिनियमच्या पोलावर सांधा जेमतेम दिसतो आणि त्याची कमान अधिक सलग असते. फायबरग्लासच्या कमानीला दर सांध्यापाशी किंचित सरळ टप्पा पडतो, कारण धातूची नळी वाकत नाही. पोल कशाचा आहे यावरून तंबूचा प्रकार ठरत नाही, पण दिसलेली रेघ पोलच आहे, काठ किंवा दोरी नाही, याची खात्री पटते.

खरी चूक होते ती तिसऱ्या पोलापाशी. फुलीचे दोन पोल ओळखू आले आणि आणखी एक रेघ दिसली की बरेच जण लगेच सेमी-जिओडेसिक म्हणून मोकळे होतात. वास्तविक तिसऱ्या पोलाच्या तीन वेगळ्या कहाण्या असू शकतात. पहिल्या कहाणीत तो आखूड असतो. माथ्यावरून आडवा जातो आणि दारावर छपराच्या पागोळीसारखा थोडा पुढे येतो. त्याची दोन्ही टोके जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, फ्लायच्या कडेपाशी अधांतरी थांबतात. दार उघडताना पावसाचे पाणी आत पडू नये आणि भिंती थोड्या उभ्या राहाव्यात, एवढेच त्याचे काम. असा तंबू डोमच राहतो. दुसऱ्या कहाणीत तिसरा पोल पुरता जमिनीपर्यंत उतरतो, पण मुख्य फुलीच्या पुढे, तिला न शिवता. तो ओसरीची कमान धरून ठेवतो. तंबू याही वेळी डोमच, ओसरीला मात्र छत चांगले मिळते. तिसऱ्या कहाणीत पोल जमिनीपासून जमिनीपर्यंत जातो आणि वाटेत फुलीच्या दोन्ही पोलांना छेदतो. आता एका छेदाचे तीन झाले आणि त्या तिघांच्या मध्ये कापडाचा एक त्रिकोण अडकला. हा त्रिकोण दिसला तरच सेमी-जिओडेसिक म्हणावे.

त्रिकोणाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर सोपे आहे. चौकोनी चौकट कोपऱ्यांवर ढकलली की तिरकी होते; त्रिकोण मात्र बाजू मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी हेच तत्त्व इमारतींच्या घुमटांत वापरले आणि 1954 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. द नॉर्थ फेस या कंपनीने 1975 मध्ये 'ओव्हल इन्टेन्शन' नावाचा तंबू आणला तेव्हा ही कल्पना गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत आली. चार किंवा अधिक पोल आणि साधारण पाच किंवा त्याहून जास्त छेद असले की तंबूला पुरता जिओडेसिक म्हणतात. त्याची फ्लाय नीट पाहिली तर ती एका गोल भिंतीसारखी नसते. अनेक त्रिकोणी फाका एकत्र शिवल्यासारखी दिसते आणि प्रत्येक फाक आपापल्या दिशेने उजेड परतवते. हिमालयातल्या उंच कॅम्पच्या फोटोंत असे तंबू बरेच सापडतात, कारण वारा कुठल्याही दिशेने आला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही.

अलीकडच्या हलक्या तंबूंनी या मोजणीत एक फसवी भर घातली आहे. त्यांत पोल एकमेकांवरून जात नाहीत. एका प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या सांध्यात जोडलेले असतात. माथ्यावरून एक कणा लांबीने जातो आणि दोन्ही टोकांना इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन पाय फुटतात. फ्लायखालून पाहताना हा सांधा छेदासारखाच भासतो. पण छेदातून चार फाटे फुटतात आणि अशा सांध्यातून तीनच. फोटोत एखाद्या गाठीपासून निघणारे कणे मोजून तीनच भरले, तर ती फुली नाही.

फ्लाय पोलांना झाकते की पोल फ्लायच्या वर आहेत, हा पुढचा मुद्दा. बहुतेक डोममध्ये आधी आतला तंबू पोलांवर उभा करतात, प्लॅस्टिकच्या क्लिपांनी तो पोलांना लटकवतात आणि मग वरून फ्लाय टाकतात. टनेलमध्ये अनेकदा उलट असते: फ्लायलाच बाहेरून कापडी नळ्या शिवलेल्या असतात, पोल त्यांतून सरकवतात आणि आतला तंबू फ्लायच्या आत टांगलेला असतो. पाऊस पडत असताना तंबू लावावा लागला तर या पद्धतीत आतला भाग कोरडा राहतो. फोटोत फ्लायच्या पृष्ठभागावर, बाहेरून, वेगळ्या कापडाची किंवा वेगळ्या रंगाची बोटभर रुंद नळी कमानीसारखी चढताना दिसली तर तो टनेल असण्याची शक्यता बरीच वाढते. काही जिओडेसिक तंबूंनाही अशा बाहेरच्या नळ्या असतात, म्हणून नुसत्या नळीवरून निकाल देऊ नये. त्या एकमेकींना छेदतात की नाही, हे पाहावेच लागते.

आता जमिनीकडे. खुंट्यांना ट्रेकर मंडळी पेगच म्हणतात, आणि पेग कुठे ठोकले आहेत हे सांगाड्यावरचा निकाल पक्का करते किंवा उलटवते. डोमचे पोल एकमेकांना ताणून धरतात, म्हणून तो खुंटीशिवाय उभा राहतो. टनेलच्या कमानी मात्र पत्त्यांसारख्या पडतात. पुढून आणि मागून ताण दिला तरच त्या उभ्या राहतात. त्यामुळे टनेलच्या फोटोत दोन्ही टोकांच्या खुंट्या लांबच्या अक्षावर खेचलेल्या असतात आणि कापडाच्या सुरकुत्या त्याच दिशेने धावतात. सह्याद्रीतल्या उघड्या कातळावर पेग आत जातच नाही. अशा कातळावर एखादा तंबू कुठेही दोरी न बांधता, दगड न ठेवता ताठ उभा दिसत असेल तर तो टनेल नव्हे, हे सांगायला पोल पाहायचीही गरज पडत नाही. मात्र कोपऱ्यांच्या फितींमधून दोऱ्या काढून त्या मोठ्या दगडांना बांधल्या असतील तर हा पुरावा बाद होतो, कारण दगडांनी खुंट्यांचेच काम केलेले असते. खुंटीशिवाय उभा राहतो म्हणजे डोमला खुंटी नकोच, असे मात्र नाही. रिकामा डोम वाऱ्याबरोबर पठारावरून घरंगळत जातो आणि त्याच्या मागे धावणाऱ्याची पुरती दमछाक करतो.

भिंतीच्या मध्यावरून निघणाऱ्या ताणाच्या दोऱ्यांकडे फार कमी लोक पाहतात आणि छपलेल्या पोलाचा सगळ्यात चांगला पत्ता त्याच देतात. फ्लायवर दोरी बांधायची जागा शिवताना तंबू बनवणारा ती शक्यतो पोलाच्या वरच ठेवतो आणि आतून वेल्क्रोची पट्टी देऊन फ्लाय तिथे पोलाला बांधायची सोय करतो. दोरी खेचली की जोर नुसत्या कापडावर न येता पोलावर जातो. म्हणजे फ्लायवर जिथून दोरी निघते तिथे आत बहुधा पोल असतोच. अशा दोन-तीन जागा दिसल्या की त्या मनातल्या मनात रेघेने जोडाव्यात. पोलाची वाट उलगडते. याला अपवाद तंबूच्या लांब बाजूच्या मध्यावरचा, जमिनीलगतचा फासा. तो फ्लाय आतल्या कापडापासून दूर ओढण्यासाठी असतो आणि त्याच्या मागे पोल नसतो. हा फासा खुंटीविना लोंबत असेल तर फ्लाय आतल्या भिंतीला चिकटलेली दिसते, आणि अशा तंबूत रात्री आतली भिंत दवाने ओली होते.

जुन्या प्रकारच्या तंबूंत खुंट्यांचा नकाशाच निकाल देऊन टाकतो. दोन उभ्या काठ्यांवर आढे टाकून दोन्ही अंगांना कापड सोडलेला तंबू, म्हणजे रिज टेंट, महाराष्ट्राला नवा नाही. माळावर उतरणाऱ्या भटक्या जमातींचे पाल याच घाटणीचे असते. त्यात पुढच्या आणि मागच्या काठीला लांब दोरी दूर बांधलेली असते आणि दोन्ही बाजूंना कापडाच्या खालच्या कडेने खुंट्यांची सरळ रांग दिसते. बेल टेंटमध्ये मधे एक काठी आणि भोवती खुंट्यांचे वर्तुळ असते. कापड कंबरेच्या उंचीवर वळून उभे खाली येते, आणि दोऱ्या त्या वळणापाशीच सुरू होतात. टिपीत हे वळण नसते, कापड शेंड्यापासून जमिनीपर्यंत एका तिरक्या रेषेत उतरते. ट्रेकिंगच्या काठीवर उभे राहणारे हलके तंबूही याच कुळातले. त्यांच्या फोटोत कुठेच कमान दिसत नाही. सगळ्या कडा सरळ, आणि कापडाचे शेंडे टोकदार. वाकलेली एकही रेघ नसेल तर तंबूत वाकणारा पोल नाही, इतके सरळ हे गणित आहे. ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिरातींत दिसणारे हवा भरून उभे राहणारे तंबू याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. त्यांच्या कमानी मनगटाहून जाड असतात आणि त्यावरून ते लगेच ओळखू येतात.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका प्रसिद्ध फोटोवर ही रीत लावून पाहता येते. रोआल्ड आमुनसेन यांची नॉर्वेजियन तुकडी 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचली आणि परतताना तिने तिथे एक लहान तंबू मागे ठेवला. ओलाव्ह ब्यालांड यांनी काढलेल्या फोटोत चार जण त्या तंबूकडे तोंड करून उभे आहेत आणि तंबूच्या शेंड्यातून वर गेलेल्या काठीवर झेंडा आहे. कापडावर कुठेच कमान नाही, सगळे उतार एकाच शेंड्याकडे चढतात आणि ताणाच्या दोऱ्या बाजूंना गेलेल्या आहेत. एवढ्यावरून एकाच मधल्या काठीचा तंबू असा निष्कर्ष निघतो. पुढच्या महिन्यात तिथे पोचलेल्या रॉबर्ट स्कॉट यांनीही आपल्या डायरीत तो एकाच बांबूवर उभा असल्याची नोंद केली आहे. स्कॉट यांच्या स्वतःच्या तुकडीचे तंबू याहून वेगळे होते. त्यांत अनेक बांबू शेंड्यापाशी एकत्र बांधून पसरवलेले असत आणि त्यांवर कापड टाकलेले असे. कापडाच्या खालच्या कडेला बाहेर पसरणारी झालर असे आणि तिच्यावर बर्फाचे ढीग रचत. अशा फोटोत खुंटी शोधत बसणारा फसतो. बर्फाने दाबलेली झालर हीच तिथली खुंटी.

आता आजच्या घडीचा एक फोटो घ्यावा. हिवाळ्यातले पठार, वाळलेले पिवळे गवत, मधे नारिंगी तंबू. फोटो पुढच्या डाव्या कोपऱ्यातून काढलेला. फ्लाय जमिनीपासून चार बोटे वर थांबते, म्हणजे पूर्ण फ्लाय आहे, पोल झाकलेले आहेत. माथ्याच्या किंचित मागे दोन कणे एकमेकांवरून जाताना दिसतात. डावीकडे ऊन आणि उजवीकडे सावली असल्यामुळे त्या शिवणी नाहीत. इथपर्यंत तो डोम. दारावर आणखी एक रेघ डावीकडून उजवीकडे जाते. ती शिवण आहे, पागोळी धरणारा आखूड पोल आहे, ओसरीची कमान आहे की छेदणारा पोल? रेघेच्या दोन्ही अंगांचा उजेड वेगळा आहे, म्हणून शिवण नाही. तिचे डावे टोक मागे ओघळत जाते आणि गवतात, कोपऱ्याच्या फितीपासून हातभर अंतरावर टेकते. तिथे वेगळा पेगही दिसतो. म्हणजे आखूड पोलही नाही. आता ती फुलीच्या पोलांना शिवते की त्यांच्या पुढून निघून जाते, एवढेच उरते. फ्लायच्या डाव्या उतारावर, जमिनीपासून मांडीच्या उंचीवर, एक पांढरी दोरी निघून गवतातल्या खुंटीकडे गेली आहे, आणि ती नेमकी ज्या जागेवरून निघते तिथेच फुलीचा कणा आणि दारावरची रेघ भेटतात. माथा आणि ही भेट यांच्या मध्ये, उजवीकडच्या भेटीसह, एक लहान त्रिकोण उन्हात वेगळा चमकतो. तंबू सेमी-जिओडेसिक आहे, तीन पोलांचा. उजवीकडचा छेद फोटोत कडेला अर्धवटच दिसतो, पण तीन पोलांची सहा टोके असणार आणि डावीकडे तीन टोके जमिनीवर सापडतात, तेव्हा हिशेब जुळतो. हाच फोटो थेट समोरून काढला असता तर त्रिकोण दारामागे दडला असता आणि ओसरीची कमान आणि छेदणारा पोल यांत फरक करता आला नसता.

या सगळ्या खटपटीला रात्रीचा फोटो सुटी देतो. आत कंदील किंवा हेडलॅम्प पेटवून बाहेरून काढलेल्या फोटोत फ्लाय पणतीच्या आकाशकंदिलासारखी उजळते आणि पोल त्यावर काळ्या रेघांसारखे स्पष्ट उमटतात. छेद सरळ मोजता येतात आणि आतला तंबू पोलांना क्लिपांनी लटकवलेला असेल तर त्या क्लिपांचे काळे ठिपकेही पोलाच्या रेघेवर रांगेने दिसतात. फक्त दिवा एका भिंतीजवळ ठेवलेला असला तर आत बसलेल्या माणसाची, ठेवलेल्या सामानाची किंवा पलीकडच्या पोलाची सावली अलीकडच्या कापडावर पडते आणि एकाचे दोन पोल दिसू लागतात. खरा पोल दोन्ही टोकांनी जमिनीपर्यंत जातो किंवा दुसऱ्या पोलाला भेटतो. सावली कापडाच्या मध्येच पुसट होत विरते.

कापडावर पाणी-रोधक थर शिल्लक आहे की उडाला आहे, शिवणींवर टेप आहे की नाही, पोल आतून तडकला आहे का, हे फोटोतून सांगता येत नाही. भाड्याचा तंबू फोटोवरून ठरवताना प्रकार कळतो, त्याची अवस्था नाही.